पहिला पगार आणि नेमणूक-पत्रातील आकडा

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुली आता कचेऱ्यांतून, कारखान्यांतून व दुकानांतून नोकरी करू लागल्या आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी पहिल्या पगाराच्या दिवशी एकच प्रश्न उभा राहतो. नेमणूक-पत्रात एक आकडा असतो, बँकेत दुसराच जमा होतो, आणि मधली रक्कम कोठे गेली हे कोणी सांगत नाही. मग कोणी म्हणतो मालकाने फसवले, कोणी म्हणतो मुलीलाच हिशेब कळत नाही. बहुधा दोन्ही खरे नसते. ही मधली रक्कम कोणत्या वाटांनी कमी होते, आणि तिच्यातील रास्त भाग कोणता व चुकीचा कोणता हे कसे ओळखावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. त्यासाठी एक घडलेला हिशेब घेतो. मुलीचे वा कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आकडे मात्र पूर्ण देतो, कारण सारा उलगडा आकड्यांतच आहे.

ही मुलगी बी. कॉम. झाल्यावर बेळगावातील एका कारखान्याच्या कचेरीत लेखनिक म्हणून लागली. १० जून २०२४ रोजी, सोमवारी, ती कामावर हजर झाली. नेमणूक-पत्रात वार्षिक ३,००,००० रुपये असे ठळक अक्षरांत लिहिले होते. तिने साहजिकच बारांनी भागले आणि महिना २५,००० रुपये असा आकडा घरी सांगितला. या आकड्यावर घरात बेतही ठरून गेले. दहा हजार घरखर्चाला, पाच हजार धाकट्या भावाच्या शिकवणीला, तीन हजार स्वतःच्या डबा-चहाला व किरकोळ खर्चाला, आणि साडेचार हजार हप्त्याने एक स्कूटर. एकूण साडेबावीस हजार झाले, अडीच हजार शिल्लक. स्कूटरच्या कर्जाचे कागद तयार होते, सही तेवढी राहिली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिच्या खात्यात १२,४३५ रुपये जमा झाले.

तिचे वडील शिवणकाम करतात. ते म्हणाले, "निम्मा पगार गिळणाऱ्या माणसाकडे काम करायचे नाही. उद्यापासून जाऊ नकोस." मुलगी रडवेली होऊन कागद घेऊन माझ्याकडे आली. "सर, अब्बा म्हणतात नोकरी सोड. पण माझे काम तर सगळ्यांना आवडते आहे. मग हे पैसे गेले कुठे?"

मी तिला सांगितले, "आधी पंचवीस हजार आणि बारा हजार चारशे पस्तीस यांची वजाबाकी कर. आणि मग तो फरक एकदम समजून घेण्याचा आग्रह सोड. तो फरक एका जागी पडलेला नाही, निरनिराळ्या जागी पडलेला आहे." वजाबाकी १२,५६५ रुपये आली. यातला प्रत्येक रुपया आम्हाला तिच्याकडच्या दोन कागदांतच सापडला. एक नेमणूक-पत्राच्या मागे जोडलेले वेतनाचे परिशिष्ट, आणि दुसरी पगाराची चिठ्ठी. बहुतेक मुले पत्राचे पहिले पान वाचतात आणि परिशिष्ट तसेच घडी घालून ठेवतात. खरा पगार त्या परिशिष्टातच असतो.

पहिली पायरी : तीन लाख हा पगार नव्हे

पत्रातील ठळक आकड्यापुढे 'सीटीसी' अशी तीन अक्षरे होती. 'कॉस्ट टू कंपनी', म्हणजे त्या नोकरापायी कंपनीला वर्षाकाठी येणारा एकूण खर्च. हा खर्च आणि नोकराचा पगार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरात मोलकरीण ठेवली, तिला महिना दोन हजार दिले आणि शिवाय दुपारचे जेवण व सणाला साडी दिली, तर आपला खर्च दोन हजारांहून अधिक होतो. पण तिच्या हातात रोख दोन हजारच पडतात. सीटीसीचा प्रकार असाच आहे.

परिशिष्टात महिन्याचे पंचवीस हजार असे वाटलेले होते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० आणि घरभाडे भत्ता ५,०००. यांची बेरीज २०,०००. हा झाला तिचा एकूण पगार, ज्याला कचेरीत 'ग्रॉस' म्हणतात. उरलेले ५,००० रुपये कंपनी खर्च करणार होती खरी, पण ते तिच्या मासिक पगारात येणार नव्हते.

या पाच हजारांची वाटणी पाहू. भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडात, मालकाने भरावयाचा हिस्सा १५,००० वर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. त्याच निधीच्या व्यवस्थेचा आणि नोकराच्या विम्याचा खर्च अर्धा अर्धा टक्का, मिळून १५० रुपये. ई.एस.आय. या राज्य विमा योजनेत मालकाचा हिस्सा २०,००० वर सव्वातीन टक्के, म्हणजे ६५० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी धरलेले ७२१ रुपये. आणि वर्षाअखेर एकदम द्यावयाच्या बोनसचा महिन्यावर पाडलेला भाग १,६७९ रुपये. बेरीज बरोबर पाच हजार भरते.

यातील प्रत्येक रकमेचे भवितव्य सारखे नाही, आणि नेमके हेच पत्र स्वीकारण्यापूर्वी पाहावयास हवे. निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा मुलीचाच आहे, फक्त तो आज हातात येत नाही. त्या १,८०० पैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५५० तिच्या निधीच्या खात्यात पडतात. बोनस वर्षाअखेर मिळावयाचा आहे. ई.एस.आय.चे पैसे परत मिळत नाहीत. त्यांच्या बदल्यात तिला व तिच्यावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबीयांना औषधोपचार मिळतो.

ग्रॅच्युइटीची गोष्ट मात्र निराळी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावर ती मिळे. हिशेब असा की, शेवटच्या मासिक मूळ पगाराला २६ ने भागून एका दिवसाचा पगार काढावयाचा आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाबद्दल असे १५ दिवसांचे पैसे द्यावयाचे. पंधरा हजारांवर हे वर्षाला सुमारे ८,६५४ रुपये होतात, आणि त्यांना बारांनी भागले की ते ७२१ निघतात. पाच वर्षे राहिली तर सुमारे ४३,००० रुपये तिला मिळतील. तीन वर्षांनी सोडून गेली तर काहीच नाही. म्हणजे पत्रातील तीन लाखांत एक रक्कम अशी होती की, जी तिला मिळेल किंवा मिळणारही नाही. दोन नोकऱ्यांची तुलना करताना ही रक्कम बाजूला काढून मगच तुलना करावी.

दुसरी पायरी : महिना पुरा झालेला नव्हता

फरकाचा सर्वांत मोठा भाग येथे होता, आणि तोच सर्वांत निरुपद्रवी होता. ती दहा तारखेला हजर झाली. जूनचे दिवस तीस. दहापासून तीसपर्यंत, दोन्ही दिवस धरून, एकवीस दिवस होतात. वीस हजारांना तीसांनी भागून एकवीसांनी गुणले की १४,००० येतात. मूळ पगार १०,५०० आणि घरभाडे भत्ता ३,५००. येथे ६,००० रुपये कमी झाले, पण ते कोणी कापले नव्हते. ती त्या नऊ दिवसांत कामावर नव्हतीच.

येथे एक गोष्ट तपासून घ्यावी. काही कचेऱ्या महिन्याचे सारे दिवस धरून भागतात, तर काही रविवार वगळून सव्वीसांनी भागतात. दोन्ही रीती चालतात, पण भागाकार व गुणाकार एकाच रीतीचे हवेत. तीसांनी भागून रविवार वगळलेल्या दिवसांनी गुणले, तर नोकराचे नुकसान होते. जून २०२४ मध्ये दहा तारखेनंतर १६, २३ व ३० असे तीन रविवार होते. ते वगळून अठरा दिवस धरले असते आणि भागाकार तीसांनी केला असता, तर तिला १२,००० च पडले असते. तिच्या चिठ्ठीत एकवीस दिवस लिहिलेले होते. तेव्हा ही पायरी निर्दोष ठरली.

तिसरी पायरी : तिच्या पगारातून कापलेले पैसे

आता चौदा हजारांपासून पुढे. चिठ्ठीच्या उजव्या बाजूस वजावटीच्या तीन नोंदी होत्या.

पहिली निर्वाह निधीची, १,२६० रुपये. ही तिच्या स्वतःच्या हिश्श्याची, १०,५०० वर १२ टक्के. मालकाचा हिस्सा आधीच सीटीसीत मोजलेला असल्यामुळे तो येथे पुन्हा दिसता कामा नये. जर वजावटीच्या बाजूस २४ टक्के दिसले, म्हणजे १,२६० च्या जागी २,५२० दिसले, तर मालक आपला हिस्सा नोकराच्या पगारातून कापतो आहे असे समजावे. निर्वाह निधीच्या योजनेने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मना केलेली आहे. नोकराने तशा करारावर सही केली असली तरी ती चालत नाही. सुदैवाने तिच्या चिठ्ठीत एकच हिस्सा होता.

दुसरी नोंद ई.एस.आय.ची, १०५ रुपये. चौदा हजारांवर पाऊण टक्का. त्या वर्षी ही योजना दरमहा २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू होती, आणि तिचा पूर्ण पगार वीस हजार असल्याने ती योजनेत बसत होती. तेव्हा हीही बरोबर.

तिसरी नोंद व्यवसाय कराची, २०० रुपये. येथे मी थांबलो. हा राज्य सरकारचा कर आहे आणि प्रत्येक राज्याची मर्यादा निराळी असते. कर्नाटकात पूर्वी १५,००० व त्यावरच्या पगाराला महिना दोनशे रुपये कर होता. १ एप्रिल २०२३ पासून ती मर्यादा २५,००० करण्यात आली. म्हणजे जून २०२४ मध्ये, चौदा हजारांवरच काय, तिच्या पूर्ण वीस हजारांवरसुद्धा हा कर लागत नव्हता. पत्रातील पंचवीस हजार पाहून कोणी हा कर लावला असेल, तर तेही चूक. कारण कर पगारावर असतो, कंपनीच्या खर्चावर नसतो.

आता हिशेब जुळवून पाहू. पंचवीस हजारांतून पगारात न येणारे ५,००० गेले. न भरलेल्या दिवसांचे ६,००० गेले. निधी व विमा यांचे १,३६५ गेले. आणि चुकीने कापलेले २०० गेले. बेरीज १२,५६५. आपली वजाबाकी हीच होती. एकही रुपया बेपत्ता नव्हता, आणि त्या साऱ्या रकमेत चुकीचे केवळ दोनशे रुपये होते.

घरी वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, म्हणजे चोरी नाही, पण दोनशे रुपये तर आहेतच ना?" त्यांचे म्हणणे योग्य होते. दोनशे रुपये थोडे म्हणून सोडावयाचे नसतात. महिन्याला दोनशे म्हणजे वर्षाला चोवीसशे, आणि चूक यंत्रात भरलेली असली तर ती दर महिन्यास आपोआप होत राहते. परंतु बारा हजारांचे भांडण घेऊन जाणे आणि दोनशे रुपयांची नेमकी चूक दाखविणे, या दोहोंत फार अंतर आहे. पहिल्या प्रकारात मालक मुलीलाच अडाणी ठरवितो. दुसऱ्या प्रकारात त्याला उत्तर द्यावे लागते.

तिने कचेरीतील हिशेबनिसाला चार ओळींचा अर्ज दिला. माझा मासिक पगार अमुक, कर्नाटकातील व्यवसाय कराची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून अमुक, जूनच्या चिठ्ठीत कापलेले दोनशे रुपये परत मिळावेत. हिशेबनिसाने पाहिले तेव्हा कळले की, नव्या नोकरांसाठी यंत्रात जुनीच मर्यादा राहून गेली होती. तिच्याबरोबर लागलेल्या आणखी दोघांचेही पैसे तसेच कापले गेले होते. जुलैच्या पगारात तिघांनाही ते परत मिळाले.

जुलै हा तिचा पहिला पूर्ण महिना. वीस हजारांतून निर्वाह निधीचे १,८०० व ई.एस.आय.चे १५० वजा जाऊन १८,०५० उरले. परत आलेले दोनशे धरून त्या महिन्यात १८,२५० मिळाले. म्हणजे त्या पत्राच्या तीन लाखांचा दरमहा हातात येणारा खरा अर्थ १८,०५० एवढा होता. घरखर्च, भावाची शिकवणी आणि तिचा किरकोळ खर्च मिळून अठरा हजार होत होते. पन्नास रुपये शिल्लक. साडेचार हजारांचा हप्ता त्यात कोठेच बसत नव्हता. कर्जाच्या कागदावर सही झाली असती, तर पहिल्याच महिन्यात हप्ता चुकला असता आणि त्यावर दंड चढला असता. सही झाली नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमधून स्त्रियांना मोफत प्रवास सुरू झालेला होता, त्यामुळे स्कूटरवाचून तिचे अडलेही नाही.

कापलेले पैसे भरले गेले की नाही

मुलीने मला आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो मला फार आवडला. "सर, चिठ्ठीवर निधीचे पैसे कापले असे लिहिले आहे. पण ते भरलेच नाहीत तर?"

कापणे आणि भरणे या खरोखर दोन गोष्टी आहेत, आणि खरी लबाडी जेथे होते तेथे ती बहुधा दुसऱ्या ठिकाणी होते. महिन्याचे पैसे मालकाने पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत निधीत भरावयाचे असतात. प्रत्येक सभासदाला बारा आकडी कायम क्रमांक मिळतो, त्याला 'यूएएन' म्हणतात. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. त्या क्रमांकावर निधीच्या संकेतस्थळावर आपले पासबुक पाहता येते. तिच्या पासबुकात जूनसाठी तीन आकडे दिसावयास हवे होते. तिचा हिस्सा १,२६०, निवृत्तिवेतनाकडे ८७५, आणि मालकाच्या हिश्श्यातून निधीत ३८५. शेवटच्या दोहोंची बेरीजही १,२६० च होते. जुलैअखेर तिने पाहिले, तिन्ही आकडे जुळले. चिठ्ठीवर कापल्याची नोंद आहे आणि पासबुकात दोन-तीन महिने काहीच नाही, असे कोणाला आढळले, तर मात्र प्रथम कचेरीत लेखी विचारावे आणि तेथे उत्तर न मिळाल्यास निधीच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. त्यासाठी पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्या लागतात, कारण पैसे कापल्याचा पुरावा तोच असतो.

याच ओघात तिने विचारले होते की, निधी बंद करून ते अठराशे हातात घेता येतील का. तिच्या बाबतीत ते शक्य नव्हते. तिचा मूळ पगार व महागाई भत्ता पंधरा हजार, आणि त्या वर्षी तेथपर्यंतच्या पगाराच्या नोकराला निधी सक्तीचा होता. शक्य असते तरी ते फायद्याचे नव्हते. २०२३-२४ या वर्षासाठी निधीवर सव्वाआठ टक्के व्याज दिले गेले, आणि दहा वर्षांची नोकरी भरल्यावर निवृत्तिवेतनाचा हक्क येतो.

वरील सारे दर २०२४ मधील आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाड्यासारखे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा आहे. मूळ पगार अगदी लहान ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखविणाऱ्या पत्रांत त्यामुळे निधी व ग्रॅच्युइटी यांचा हिशेब बदलतो. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही या संहितेने दिला आहे. म्हणून आकडे त्या त्या वर्षाचे घ्यावेत. पायऱ्या मात्र याच राहतील.

ज्यांच्या घरी येत्या काळात नेमणूक-पत्र येईल त्यांनी ते स्वीकारण्यापूर्वी कचेरीला दोन प्रश्न विचारावेत. पूर्ण महिना भरल्यावर बँकेत नक्की किती रुपये जमा होतील? आणि सीटीसीतील कोणत्या रकमा मी दोन वर्षांनी नोकरी सोडल्यास मला मिळणार नाहीत? या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली, की घरचा बेत त्या उत्तरांवर करावा, ठळक अक्षरांतील आकड्यावर करू नये.